छोट्याचा अंदाज, मोठ्याचा कौल

चॅटबॉटला प्रश्न विचारला की उत्तर पडद्यावर तुकड्यातुकड्याने उमटत जाते. हा काही दिखावा नसतो. त्यामागचे भाषा-मॉडेल मुळातच एका वेळी एक तुकडा काढते. या तुकड्याला टोकन म्हणतात. इंग्रजीत टोकन म्हणजे बहुधा अख्खा शब्द किंवा त्याचा मोठा भाग असतो, मराठीत कधी दोन-तीन अक्षरे, तर कधी एकच. एक टोकन ठरले की ते आधीच्या मजकुराला जोडायचे, सगळे गणित पुन्हा करायचे आणि पुढचे टोकन काढायचे. नव्याण्णवावे टोकन हातात आल्याशिवाय शंभरावे काढता येत नाही, कारण शंभरावे काय असावे हे नव्याण्णवाव्यावरही अवलंबून असते.

या रांगेतून थोडी मोकळीक मिळवण्याची एक युक्ती गेल्या काही वर्षांत मोठ्या मॉडेलांच्या कारखान्यात रुळली आहे. तिचे नाव स्पेक्युलेटिव्ह डीकोडिंग. मोठ्या मॉडेलच्या जोडीला एक छोटे, चपळ मॉडेल बसवायचे. छोट्याने पुढची चार-पाच टोकन अंदाजाने सुचवायची आणि मोठ्याने ती एका फेरीत तपासायची. जी पटतील ती ठेवायची. जिथे पहिली चूक सापडेल तिथून पुढचे सगळे पुसून टाकायचे आणि त्या जागी मोठ्याने आपले टोकन लिहायचे.

हे ऐकताच एक शंका मनात येते. मोठ्या मॉडेलला शेवटी प्रत्येक टोकन तपासायचेच असेल तर वेळ वाचतो कुठे? तपासायलाही तेवढेच गणित लागणार. शंका रास्त आहे. गणित खरोखरच तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच लागते. वेळ वाचतो तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण समजले की ही युक्ती जवळपास उलगडलीच.

एक ठोस उदाहरण घेऊ. ७० अब्ज आकड्यांचे एक मॉडेल आहे. हे आकडे म्हणजे प्रशिक्षणात मॉडेलने कमावलेली सगळी पुंजी. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर मॉडेल १४० गिगाबाइटचे झाले. एनव्हिडियाच्या एच१०० या चिपला ८० गिगाबाइट मेमरी असते, म्हणजे मॉडेल दोन चिपांवर अर्धे-अर्धे ठेवावे लागेल. पुढचे टोकन काढण्यासाठी प्रत्येक चिपला आपल्याकडचे ७० गिगाबाइट मेमरीतून गणित करणाऱ्या भागापर्यंत आणावे लागतात. या मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे ३.३५ टेराबाइट असतो. भागाकार केला तर नुसत्या वाहतुकीला जवळपास २१ मिलिसेकंद लागतात. आता प्रत्यक्ष गणित पाहू. प्रत्येक आकड्यामागे एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे एका टोकनला १४० अब्ज क्रिया. एक एच१०० सेकंदाला जवळपास हजार लाख कोटी क्रिया करू शकते. दोन चिपांना मिळून या कामाला एक मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नाही.

म्हणजे इतकी महागडी चिप बहुतेक वेळ आकडे येण्याची वाट पाहत बसलेली असते. पुण्याहून मुंबईला निघालेल्या एसटीत एकच प्रवासी असावा, तसा हा प्रकार. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार एका माणसासाठी जेवढा, जवळपास तेवढाच पाच माणसांसाठीही. एका टोकनसाठी १४० गिगाबाइट आणलेलेच असतील, तर त्याच फेरीत पाच टोकनांचे गणित उरकायला वेगळा वेळ फारसा लागत नाही.

अडचण एवढीच की बाकीचे चार प्रवासी स्टँडवर हजर नसतात. दुसरे टोकन काय हे माहीत असल्याशिवाय तिसऱ्याचे गणित सुरूच करता येत नाही. छोटे मॉडेल नेमकी हीच अडचण सोडवते. त्याने चार टोकन सुचवली की मोठ्या मॉडेलसमोर तयार मजकूर येतो, आणि तयार मजकूर वाचताना मोठे मॉडेल प्रत्येक जागी पुढे काय यायला हवे होते हे एकाच फेरीत सांगू शकते. वापरणाऱ्याने टाकलेला लांबलचक प्रश्न ते असाच, सगळा एकदम वाचते. लिहिणे एकापाठोपाठ एक, वाचणे मात्र एकदम, हा या मॉडेलांच्या रचनेतलाच फरक आहे आणि युक्ती त्यावर उभी आहे.

कल्पनेची मुळे जुनी आहेत. संगणकाचे प्रोसेसर कित्येक दशके पुढची वाट अंदाजाने धरून काम आधीच सुरू करत आले आहेत. अंदाज चुकला तर केलेले काम टाकून देतात. भाषा-मॉडेलांच्या बाबतीत २०१८ मध्ये मिचेल स्टर्न, नोआम शझीर आणि याकोब उझकोराइट यांनी पुढची काही टोकन एकदम सुचवून मग तपासण्याची पद्धत मांडली होती. पण ती सर्वाधिक शक्यतेचे टोकन निवडण्याच्या सरळ पद्धतीसाठी होती. चॅटबॉट तसा चालत नाही. तो शक्यतांमधून चिठ्ठी काढतो, म्हणून एकाच प्रश्नाला दोनदा वेगळी उत्तरे येतात. चिठ्ठी काढायची असेल तर ‘बरोबर’ आणि ‘चूक’ म्हणजे नेमके काय, हेच आधी ठरवावे लागते.

ते २०२२ च्या अखेरीस ठरले. गूगलमधील यानिव लेव्हियाथन, मतान काल्मन आणि योसी मतियास यांनी एक नियम दिला. काही आठवड्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, डीपमाइंडमधील चार्ली चेन आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे जवळपास तोच नियम मांडला. नियम वापरला की छोट्या मॉडेलची मदत घेऊन लिहिलेला मजकूर आणि मोठ्या मॉडेलने एकट्याने लिहिलेला मजकूर यांत शक्यतांच्या हिशेबाने काडीचाही फरक राहत नाही. मॉडेल वेगवान करण्याच्या इतर बहुतेक उपायांत थोडा दर्जा सोडावा लागतो. आकडे लहान करा, थर कमी करा, काहीतरी गमवावे लागतेच. इथे तसे काही होत नाही, म्हणून तो नियम नीट पाहण्यासारखा आहे.

समजा, आतापर्यंतचा मजकूर ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना १’ असा आहे. सोयीसाठी एक शब्द म्हणजे एक टोकन मानू. छोटे मॉडेल पुढचे चार शब्द सुचवते: ‘मे’, ‘१९६०’, ‘साली’, ‘झाली’. सुचवताना प्रत्येक शब्दाला आपण किती शक्यता दिली याचीही नोंद ते ठेवते. मोठे मॉडेल एका फेरीत चारही जागी आपल्या शक्यता काढते. ‘मे’ला छोट्याने ९० टक्के दिले होते, मोठ्याने ९८. मोठ्याला तो शब्द छोट्याहून अधिक पसंत आहे, म्हणून थेट मंजूर. ‘१९६०’चेही तसेच.

तिसऱ्या जागी मतभेद होतो. छोट्याने ‘साली’ला ६० टक्के, ‘रोजी’ला ३० आणि ‘ला’ या प्रत्ययाला १० टक्के दिले आहेत. पूर्ण तारीख आली की मराठीत ‘रोजी’ येण्याचा संभव जास्त, हे मोठ्याला अधिक चांगले कळते. त्याचा हिशेब ‘साली’ ३०, ‘रोजी’ ६०, ‘ला’ १० असा आहे. नियम म्हणतो, मोठ्याची शक्यता छोट्याच्या शक्यतेहून कमी असेल तर त्या दोहोंच्या प्रमाणात मंजुरी द्यावी. इथे ३० भागिले ६०, म्हणजे निम्म्या वेळा ‘साली’ मंजूर आणि निम्म्या वेळा नामंजूर. नामंजूर झाला तर त्या जागी नवा शब्द काढायचा, पण तो मोठ्याच्या सगळ्या शक्यतांमधून नाही. छोट्याने ज्या शब्दांना त्यांच्या हक्कापेक्षा कमी दिले, त्यांच्या थकबाकीतूनच काढायचा. इथे थकबाकी एकट्या ‘रोजी’ची आहे.

हीच जागा शंभर वेळा आली तर काय होते ते मोजू. छोटे मॉडेल साठ वेळा ‘साली’ सुचवेल. त्यातले तीस मंजूर होतील, उरलेल्या तीस वेळा ‘रोजी’ येईल. तीस वेळा ते स्वतःच ‘रोजी’ सुचवेल आणि ते सगळे मंजूर होतील. दहा वेळा ‘ला’, तेही मंजूर. बेरीज केली की ‘साली’ तीस, ‘रोजी’ साठ, ‘ला’ दहा. मोठ्या मॉडेलचा जो हिशेब होता तोच तंतोतंत हाती आला. छोट्याचे मत कितीही वेगळे असो, बेरीज अशीच जुळते. छोटे मॉडेल अगदीच सुमार असेल तर मंजुरी कमी मिळेल आणि वेळ वाया जाईल, पण मजकूर बिघडणार नाही.

आपल्या उदाहरणात ‘साली’ नामंजूर होऊन ‘रोजी’ आला, तर चौथा शब्द ‘झाली’ही टाकून द्यावा लागतो. ‘रोजी’नंतरही ‘झाली’ चालले असते, हे खरे. पण मोठ्याने त्या जागेचा हिशेब ‘साली’ गृहीत धरून केला होता, त्यामुळे तो आता लागू नाही. मोठे मॉडेल वाचलेल्या प्रत्येक टोकनची टिपणेही मेमरीत ठेवत असते, तीही तिथपर्यंत मागे घ्यावी लागतात. तरी एका फेरीत ‘मे १९६० रोजी’ असे तीन शब्द हाती आले. चारही मंजूर झाले असते तर पाचवा शब्द त्याच फेरीत मिळाला असता, कारण चौथ्यानंतर काय येते याचा हिशेबही तयार होता. आणि पहिलाच शब्द फेटाळला गेला तरी मोठ्याचा एक शब्द मिळतोच. फेरी पूर्ण रिकामी कधीच जात नाही.

मग वेग किती वाढतो? प्रत्येक सूचना मंजूर होण्याची शक्यता ८० टक्के आहे आणि दर फेरीला चार सूचना येतात असे धरू. पहिली टिकण्याची शक्यता ०.८, पहिल्या दोन टिकण्याची ०.६४, तीनची ०.५१, चारींची ०.४१. त्यात मोठ्याचे हमखास मिळणारे एक टोकन मिळवले की फेरीला सरासरी ३.३६ टोकन पडतात. छोट्याला एका टोकनला मोठ्याच्या विसाव्या हिश्शाएवढा वेळ लागत असेल तर फेरी १.२ पट लांबते, म्हणजे वेग २.८ पट होतो. मंजुरीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले तर तोच वेग १.६ पटींवर उतरतो. तिथे चारऐवजी दहा सूचना मागवण्याचा मोह झाला तर वेग वाढण्याऐवजी आणखी घटून १.३ पटींवर येतो, कारण लांबच्या सूचना क्वचितच टिकतात आणि छोट्याचा वेळ मात्र प्रत्येकीला लागतो. छोटे मॉडेल फारसे छोटे नसेल, त्याला मोठ्याच्या एक पंचमांश वेळ लागत असेल आणि मंजुरी ३० टक्केच असेल, तर ही सगळी उठाठेव करून काम आधीपेक्षा हळू होते.

प्रत्यक्ष प्रयोगांतले आकडेही याच पट्ट्यातले आहेत. गूगलच्या चमूने ११ अब्ज आकड्यांच्या मॉडेलला त्याच कुळातले अगदी चिमुकले मॉडेल जोडून दोन ते तीन पटींचा वेग मिळवला. गंमत म्हणजे, छोट्या मॉडेलच्या जागी त्यांनी कोणत्या टोकनमागे कोणते येते एवढ्याच नोंदीचा साधा तक्ता ठेवूनही पाहिला. त्याच्या पाचांतल्या एकाच सूचनेला मंजुरी मिळाली, पण तक्ता वाचायला वेळच लागत नसल्याने इंग्रजी-जर्मन भाषांतर तेवढ्यावरही सव्वापट झाले.

डीपमाइंडच्या प्रयोगात आणखी एक धडा आहे. त्यांचे मोठे मॉडेल होते ७० अब्जांचे चिंचिला, आणि त्याला १६ चिपांवर एका टोकनला १४.१ मिलिसेकंद लागत. छोटे मॉडेल ४ अब्जांचे होते. आकाराने ते सतरा-अठरापट लहान, तरी त्याला १.८ मिलिसेकंद लागत, म्हणजे वेगाने ते आठपटही पुढे नव्हते. इतक्या चिपांवर काम वाटले की प्रत्येक थराला चिपांनी एकमेकींशी बोलून घ्यावे लागते, आणि या बोलण्याचा वेळ मॉडेल लहान केले तरी तेवढा कमी होत नाही. म्हणून त्यांनी मुद्दाम कमी थरांचे पण रुंद मॉडेल घडवले. छोटे मॉडेल निवडताना त्याचा आकार पाहून भागत नाही, घड्याळ लावूनच ठरवावे लागते.

त्याच प्रयोगात बातम्यांचे सारांश सुमारे दुपटीने वेगात झाले, तर प्रोग्रॅमचा कोड सुमारे अडीचपट. कोडमध्ये कंस मिटणे, ओळ सरकवणे, आधी आलेले नाव पुन्हा येणे अशा जागा जागोजागी असतात, आणि त्या छोट्यालाही बरोबर हेरता येतात. कवितेत किंवा मोकळ्या गप्पांत तशा जागा कमी. मॉडेलला जास्त मोकळेपणाने चिठ्ठी काढायला सांगितले तरी मंजुरी घटते. त्यामुळे ‘आमचे मॉडेल तिप्पट वेगवान’ असे कोणी सांगितले तर कोणत्या मजकुरावर, हे विचारायलाच हवे.

दुसरी मर्यादा सर्व्हरवरच्या गर्दीची. एकट्या माणसाचे काम चालू असताना गाडीत जागाच जागा असते. पण शेकडो जणांचे प्रश्न एकत्र करून मॉडेल चालवले जाते तेव्हा गाडी आधीच भरलेली असते. गणिताची ताकद रिकामी उरलेली नसते, आणि फेटाळल्या जाणाऱ्या सूचनांनी खऱ्या प्रवाशाची जागा अडते. म्हणून सेवा चालवणाऱ्यांना गर्दीच्या वेळी सूचना कमी कराव्या लागतात किंवा ही सोय बंदच ठेवावी लागते. दुपारी चाचणीत दिसलेला वेग रात्री नऊच्या गर्दीत दिसेलच असे नाही.

बिघाड ओळखणे थोडे अवघड आहे, कारण मजकूर चांगलाच येत राहतो. एखाद्या संस्थेने मोठ्या मॉडेलला आपल्या कागदपत्रांवर नव्याने शिकवले, पण छोटे जुनेच ठेवले, तर दोघांची मते दूर जातात आणि मंजुरी गुपचूप घसरते. उत्तर वाचून काहीच कळत नाही. म्हणून दर फेरीला सरासरी किती टोकन टिकली हा आकडा सतत नोंदवावा लागतो. उलट, मजकूरच बिघडत असेल तर दोष छोट्याच्या अज्ञानाचा नसतो. तपासणीच्या कोडमध्ये चूक असते, बहुधा फेटाळलेल्या टोकनांची टिपणे पुसायची राहिलेली असतात. ती पकडण्याचा मार्ग सरळ आहे. नेहमी सर्वाधिक शक्यतेचेच टोकन घ्यायला लावून तोच प्रश्न एकदा छोट्यासह आणि एकदा छोट्याशिवाय चालवायचा. दशांशाच्या शेवटच्या घरांतल्या फरकामुळे क्वचित कुठे वाट बदलेल, पण उत्तरे सर्रास वेगळी आली तर कोड तपासायला बसावे.

आता मराठीकडे. छोट्या मॉडेलने बहुतांशी इंग्रजीच वाचलेले असते. मोठ्याला मराठी बरी येत असेल, पण छोट्याला ती फार तर ओळखीपुरती. साहजिकच मराठी उत्तर लिहिताना सूचना जास्त फेटाळल्या जातात आणि इंग्रजीत मिळालेला लाभ मराठीत आटतो. त्यात मोजमापाचा एक सापळाही आहे. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटी आणि मात्राही, सहसा तीन बाइटांत साठवले जाते. त्यातला पहिला बाइट सर्वांचा एकच असतो आणि दुसरा फक्त दोनांपैकी एक. मॉडेलच्या टोकनांच्या यादीत मराठी तुकडे कमी असतील तर एकेक चिन्ह बाइटांत फुटते. शब्दाच्या मध्यावर तो पहिला बाइट ओळखायला मराठी यावी लागत नाही. अशा वेळी मंजुरीचा आकडा भरघोस दिसतो, पण पडद्यावर अक्षरे मात्र रखडत उमटतात. म्हणून मराठीसाठी सेकंदाला किती टोकन यापेक्षा सेकंदाला किती अक्षरे, हे मोजणे योग्य.

वेगळे छोटे मॉडेल सांभाळण्याची कटकट टाळण्याचे मार्गही निघाले आहेत. सारांश किंवा दुरुस्तीचे काम असेल तर दिलेल्या मजकुरातच आधीचे दोन-तीन शब्द शोधून त्यांच्या पुढचे शब्द जसेच्या तसे सुचवता येतात. त्याला मॉडेल लागतच नाही. मेड्युसा आणि ईगल या पद्धतींत मोठ्या मॉडेललाच अंदाज करणारी छोटी शेपटी जोडतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या डीपसीक-व्ही३ ला प्रशिक्षणातच पुढच्या टोकनबरोबर त्याच्याही पुढचे टोकन ओळखायला शिकवले होते. ते दुसरे टोकन ८५ ते ९० टक्के वेळा मंजूर झाले आणि लिहिण्याचा वेग १.८ पट झाला, असे त्यांच्या अहवालात नोंदले आहे.

मराठीसाठी हे करायचे तर आधी मोठ्या मॉडेलकडूनच भरपूर मराठी लिहून घ्यावी लागेल आणि त्यावर छोट्याला शिकवावे लागेल. छोट्याला उत्तम मराठी येण्याची इथे गरज नाही. मोठे मॉडेल जशी मराठी लिहिते तशी, त्याच्या लकबींसकट आणि चुकांसकट, त्याला ओळखता यायला हवी.